‘प्रेमाने हाताळतो’ या ओळीच्या जागी काय लिहायचं?

प्रश्न : ‘वर्षभरापासून मी एकटीच कुत्र्या-मांजरांचं ग्रूमिंग करते, एकच टेबल आहे. पोस्टखाली हे कॅप्शन टाकते : “बेसिक, प्रीमियम आणि लक्झरी पॅकेजेस. वेळ १० ते ७. घाबरट प्राण्यांना प्रेमाने हाताळतो. आजच बुक करा!” फोन येतात, पण प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. वेळापत्रक रोज कोलमडतं. आणि चावरं किंवा खूप भेदरलेलं जनावर दारात आल्यावरच कळतं. कॅप्शन कसं लिहू?’

तुमच्या कॅप्शनमधल्या तीन गोष्टी तुम्ही तीन वेगळ्या ओळी म्हणून लिहिल्या आहेत. खरं तर त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. घाबरलेल्या कुत्र्याला तुम्ही कसं हाताळणार यावर त्याला किती वेळ लागणार ते ठरतं. एकाला किती वेळ लागतो त्यावरून दिवसात किती स्लॉट बसतात ते ठरतं, आणि स्लॉट किती मोठा यावर पॅकेजमध्ये काय काय घालता येईल ते. म्हणून कॅप्शन लिहायला शेवटून सुरुवात करा. आधी भित्र्या जनावरांची ओळ पक्की करा, मग वेळा, मग पॅकेजेस. वाचणाऱ्याला मात्र उलट्या क्रमाने दिसू द्या, कारण तो पॅकेज बघायलाच आलेला असतो.

खाली जे सांगते ते चौदा वर्षं हेच काम केल्यावरचं आहे, पण त्यातलं थोडं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. मांजरांसाठी वेगळी बंद खोली आहे का, तुमचा ब्लोअर किती आवाज करतो, जवळ प्राण्यांचा डॉक्टर आहे का, यावरून मिनिटं बदलतील. विचार करायची पद्धत बदलणार नाही.

‘प्रेमाने हाताळतो’ यात खोटं काही नाही, पण त्यातून मालकाला काहीच कळत नाही. प्रेम तर तोही करतो, तरी घरी नखं कापताना कुत्रा गुरगुरतोच. त्याला हे कळायला हवं की त्याचा कुत्रा बिचकला तर तुम्ही नेमकं काय कराल, काय करणार नाही आणि कुठे थांबाल. या तीन गोष्टी लिहिल्या की एक फायदा लगेच होतो. एरवी ‘तो जरा खोडकर आहे’ एवढंच बोलणारा मालक ‘त्याला ब्लोअरची भीती वाटते’ असं फोनवरच सांगतो. आधी सांगितलं तर हाकलणार नाहीत, उलट वेगळी सोय करतील, हे त्याने वाचलेलं असतं.

सुरुवातीला मी ‘कितीही घाबरट असो, आमच्याकडे शांत होतो’ असं लिहायचे. ते वाचून एकजण आपला पांढरा स्पिट्झ घेऊन आले. चार वर्षांचा, आधी कधी ग्रूमिंग न झालेला. टेबलावर ठेवला तेव्हा तो अगदी निश्चल उभा राहिला आणि मला वाटलं, किती गुणी आहे. जिभेने सारखं नाक चाटत होता, कान मागे चिकटले होते, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता, आणि ब्रश फिरवला तसा ओंजळभर केस एकदम सुटून आला. या सगळ्या भीतीच्या खुणा. कुत्रा गोठून उभा राहिला म्हणजे शांत झाला असं नसतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं. ब्लोअर लावल्यावर तो टेबलावरच लघवी करून बसला. तरी मी काम पूर्ण केलं, कारण कॅप्शनमध्ये तसं लिहिलं होतं आणि बाहेर मालक थांबले होते. दिसायला तो सुंदर झाला. दीड महिन्याने परत आणला तेव्हा दारातच पुढचे दोन्ही पाय चौकटीला रोवून उभा राहिला, आत येईना. त्या दिवशी अर्धवट सोडला असता तर पुढची सहा-सात वर्षं तो सुखाने आला असता.

तेव्हापासून माझ्या कॅप्शनमध्ये थांबण्याची ओळ असतेच. ती लिहायची तर आधी तुमचा स्वतःचा नियम ठरलेला हवा. माझा असा आहे. कुत्रा नाक चाटतोय, जांभया देतोय, अंग चोरतोय, तर हात काढायचा, त्याला अंग झटकू द्यायचं आणि मिनिटभराने दुसऱ्या भागापासून सुरू करायचं. दोनदा विसावा देऊनही तो थरथरतोय, खाऊ नाकाजवळ धरला तरी घेत नाही, किंवा टेबलावरून उडी मारायला बघतोय, तर त्या दिवसाचं काम तिथेच संपतं. जे झालं तेवढ्याचेच पैसे. मांजराच्या बाबतीत मी आणखी आधी थांबते. शेपूट आपटायला लागली, कान आडवे झाले की सूचना मिळाली असं समजायचं; ते फिस्कारेपर्यंत वाट बघायची नाही. मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागलं तर ते साधं घाबरणं समजू नका. काम लगेच बंद करायचं, त्याला शांत अंधाऱ्या जागी ठेवायचं, आणि धाप ओसरली नाही तर थेट डॉक्टरकडे न्यायचं.

काय करणार नाही, तेही मालकाला वाचायचं असतं. ‘मझल लावत नाही’ असं लिहू नका, कारण कधीतरी लावावा लागतो आणि मग तुम्ही खोट्या पडता. त्यापेक्षा कोणता लावता ते लिहा. कुत्रा अंगातली उष्णता तोंड उघडून, धापा टाकून बाहेर टाकतो. कापडी मझलने तोंड मिटलेलं राहतं, म्हणून तो फार तर दोन-तीन मिनिटांसाठी, एखाद्या पंजाची नखं कापताना ठीक. आंघोळीला किंवा ड्रायरखाली तो धोक्याचा. जाळीचा, टोपलीसारखा मझल असेल तर कुत्रा आत धापाही टाकू शकतो आणि खाऊही घेऊ शकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास मुळातच असतो, त्यांच्या तोंडाला मी काही बांधत नाही आणि गरम हवाही लावत नाही.

गुंगीच्या औषधाबद्दल एक ओळ हवीच. ‘थोडं झोपेचं देऊन करा ना’ असं लोक सहज म्हणतात. गुंगीत जनावराच्या श्वासावर, तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि ते काम प्राण्यांच्या डॉक्टरचं. मालकानेही घरचं औषध परस्पर देऊन आणू नये. काही औषधांनी जनावर बाहेरून सुस्त दिसतं, पण आतली भीती तशीच असते, आणि असं जनावर काही इशारा न देता चावू शकतं. डॉक्टरने तपासून लिहून दिलेलं औषध असेल तर त्याचं नाव आणि दिल्याची वेळ मला सांगा, एवढं मी मागते.

आता वेळा. ‘१० ते ७’ ही तुमची दुकान उघडं असण्याची वेळ झाली, तिच्यात स्लॉट कुठे दिसत नाहीत. वाचणारा समजतो की यातली कुठलीही वेळ चालेल. तुमचं वेळापत्रक कोलमडतं ते इथेच.

एका गोल्डन रिट्रीव्हरचा हिशोब मांडून बघा. आंघोळीआधी ब्रश, १५ ते २० मिनिटं. दोनदा शाम्पू आणि स्वच्छ धुणं, अर्धा तास. वाळवणं पाऊण तास, आणि हे कमी करता येत नाही, कारण दुहेरी केसांच्या कुत्र्याची आतली लव ओली राहिली तर त्वचेला संसर्ग होऊ शकतो. मग पुन्हा ब्रश, नखं, कान, पंजाखालचे केस, मिळून अर्धा तास. हे झाले साधारण दोन तास, आणि तोही शहाण्यासारखा उभा राहिला तर. त्यानंतर टेबल पुसायचं, कात्र्या-ब्लेडं निर्जंतुक करायची, टबमधले केस काढायचे. एकटीने करताना मोठ्या कुत्र्याला सव्वादोन तास धरा आणि दोन कुत्र्यांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवा. म्हणजे दिवसाला तीन पूर्ण ग्रूमिंग. सहा-सात घेत असाल तर घाई होणारच, आणि भित्रं जनावर ती घाई सर्वांत आधी ओळखतं.

पहिला स्लॉट नवीन आणि घाबरणाऱ्या जनावरांसाठी राखून ठेवा. त्या वेळी ब्लोअर अजून सुरू झालेला नसतो, दुसऱ्या कुत्र्यांचा वास आणि भुंकणं नसतं, आणि तुमचाही हात थकलेला नसतो. शिवाय बाहेर कोणी ताटकळत नसतं, त्यामुळे थांबावंसं वाटलं तर थांबता येतं. मांजरांसाठी आठवड्यातला एक वेगळा दिवस किंवा निदान अर्धा दिवस ठेवा. कुत्र्याच्या वासाने बिथरलेलं मांजर कितीही चुचकारलं तरी निवळत नाही. कॅप्शनमध्ये सोडायची वेळ आणि न्यायची वेळ दोन्ही लिहा. नुसतं ‘१०:००’ लिहिलं की माणूस ११ वाजता न्यायला हजर होतो, काचेतून डोकावतो, आणि कुत्रा त्याला बघून टेबलावर नाचायला लागतो.

मी परिचय भेटही ठेवते, २० मिनिटांची. तिच्यात आंघोळ नाही, कापणं नाही. कुत्रा आत येतो, जमीन हुंगतो, टेबल जमिनीलगत असताना त्यावर चढून खाऊ खातो, बंद क्लिपर त्याच्या पाठीला लावला जातो, आणि तो घरी जातो. त्या स्पिट्झलाही शेवटी असंच परत वळवलं. पहिल्या भेटीत तो उंबऱ्यापलीकडे आला नाही, तिथेच खाऊ दिला. दुसऱ्या भेटीत टेबलापर्यंत आला. तिसऱ्या भेटीत ब्लोअर दुसऱ्या खोलीत, दार लावून, हळू सुरू ठेवला आणि इकडे नुसता ब्रश केला. चौथ्या भेटीला आंघोळ झाली, पण वाळवलं टॉवेलने आणि कानांवरून मऊ कापडी पट्टा चढवून लांबून सोडलेल्या हवेने. चार भेटींना दोन महिने लागले. सगळेच कुत्रे इतके ताणत नाहीत. पिल्लांना एक-दोन भेटी पुरतात, फक्त त्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं असावं.

पॅकेजच्या नावांबद्दल माझं मत ठाम आहे. बेसिक, प्रीमियम, लक्झरी यांतून मालकाला फक्त महाग-स्वस्त कळतं. त्याच्या कुत्र्याला काय लागतं ते कळत नाही, म्हणूनच तो फोन करतो. पॅकेज कामाच्या नावाने लिहा. आंघोळ आणि सफाई. आंघोळ, सफाई आणि गळते केस काढणं. आंघोळ, सफाई आणि केस कापणं. लॅब्राडॉरच्या मालकाला दुसरं आपलं हे लगेच समजतं, शिह त्झूच्या मालकाला तिसरं. हस्की, गोल्डन, पॉमेरेनियन यांचे केस उन्हाळ्यात मुळापासून उतरवून द्या अशी मागणी येते, तिथे नाही म्हणा. त्यांच्या दुहेरी केसांमुळे ऊन त्वचेपर्यंत पोचत नाही, आणि एकदा उतरवलेले केस काही वेळा ठिगळांसारखे वेडेवाकडे उगवतात. डॉक्टरने सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

पॅकेजच्या ओळीत सर्वांत जास्त भांडणं होतात ती गुंत्यावरून. मालक म्हणतो, वरून तर केस छान दिसतात. वरून ब्रश फिरवलेला असतो आणि मुळाशी नमद्यासारखा थर बसलेला असतो. म्हणून कॅप्शनमध्येच एक घरगुती तपासणी द्या. स्टीलचा कंगवा कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि पट्ट्याखाली थेट त्वचेपासून केसांच्या टोकापर्यंत ओढून बघा. अडकला तर गुंता आहे. अडकला तर घरी आंघोळ घालू नका, ओला होऊन सुकला की गुंता आणखी आवळतो. घरी कात्रीही लावू नका, कारण गुंत्यात त्वचा वर ओढलेली असते आणि केस समजून कातडी कापली जाते. थोडासा गुंता सोडवता येतो. अंगभर असेल तर केस बारीक उतरवणं हेच त्या जनावरासाठी दयेचं आहे. दोन तास कंगव्याने ओढून ओढून लांब केस वाचवले, तर दुसऱ्या दिवसापासून ते ब्रश बघून पळणार. एरवी शांत असलेली किती कुत्री या एका कारणाने भित्री झालेली मी पाहिली आहेत!

हे सगळं एकत्र करून तुमच्यासाठी कॅप्शन लिहिलं आहे. ‘१० ते ७’ तुमचंच ठेवलं आहे.

> तुमचा कुत्रा ग्रूमिंगला घाबरतो? बुक करतानाच सांगा, त्याच्यासाठी सकाळचा शांत स्लॉट राखलेला आहे.
>
> १. आंघोळ आणि सफाई : आंघोळ, वाळवणं, ब्रश, नखं, कान, पंजाखालचे केस.
> २. गळते केस काढणं : वरचं सगळं, शिवाय आतली सुटी लव काढणं. लॅब, गोल्डन, हस्की, पॉमसाठी. यांचे केस मुळापासून उतरवत नाही.
> ३. केस कापणं : वरचं सगळं (१), शिवाय पूर्ण अंगाचा कट. शिह त्झू, पूडल, ल्हासासाठी.
>
> कंगवा कानामागे किंवा काखेत अडकत असेल तर आधी फोटो पाठवा. गुंता जास्त असेल तर वेळ आणि दर वाढतो, कधी केस बारीक उतरवावे लागतात. तुम्हाला विचारल्याशिवाय उतरवत नाही.
>
> स्लॉट (सोडायची – न्यायची वेळ)
> १०:०० – १२:०० नवीन आणि घाबरणाऱ्यांसाठी
> १२:३० – २:४५
> ३:३० – ५:४५
> ६:०० आणि ६:३० फक्त नखं-कान, आधी येऊन गेलेल्यांसाठी
> मांजरं फक्त बुधवारी, त्या दिवशी कुत्री नसतात.
>
> घाबरलेल्या जनावराला विसावा देत देत काम करते. दोनदा थांबूनही ते शांत झालं नाही, तर काम तिथेच थांबवते आणि तुम्हाला फोन करते. झालेल्या कामाचेच पैसे. गरज पडली तर जाळीचा मझल, तोही सांगून. गुंगीचं औषध देत नाही. टेबलावर बांधून एकटं सोडत नाही.
>
> बुकिंगसाठी मेसेजमध्ये लिहा : जात, वय, शेवटचं ग्रूमिंग कधी, कशाला घाबरतो, कधी चावला आहे का, आजार किंवा औषध, लसीकरणाचा फोटो.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात हे आरामात बसतं. पण उघडल्याशिवाय दिसते ती पहिली ओळ-दीड ओळच. म्हणून घाबरणाऱ्यांची गोष्ट मी तिथे आणली. ज्याचा कुत्रा शांत आहे तो पॅकेज बघायला खाली जाईलच, पण ज्याचा घाबरतो तो तिथेच थबकेल, आणि नेमकं त्याच्याकडूनच तुम्हाला आधी कळायला हवं आहे.

शेवटची ओळ तुमचा फोनवरचा वेळ वाचवेल. ‘चावला आहे का’ असं थेट विचारा, ‘स्वभाव कसा आहे’ असं नको. स्वभाव सगळ्यांचाच चांगला असतो. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न फोनवर विचारा : कुणाला, आणि तेव्हा काय चाललं होतं? नखं कापताना चावणाऱ्या कुत्र्याची सोय वेगळी आणि मान धरली की चावणाऱ्याची वेगळी. म्हाताऱ्या कुत्र्याने हल्लीच चावायला सुरुवात केली असेल तर मी आधी डॉक्टरकडे पाठवते. सांधे किंवा कान दुखत असतील तर त्याला हात लावून घ्यायचा नसतो, आणि ग्रूमिंगने त्यावर काही होत नाही.

एक अट आहे. थांबण्याची ओळ लिहिलीत तर ती पाळा. अर्धवट कापलेला कुत्रा मालकाच्या हाती देताना अवघडल्यासारखं होतं, अजूनही होतं. मी तेव्हा तीन वाक्यं बोलते : ‘आज पाठ आणि पोट झालं, मागचे पाय राहिले. तिथे हात गेला की थरथरत होता, म्हणून सोडला. पुढच्या आठवड्यात १० वाजता वीस मिनिटं आणा.’ ज्यांनी कॅप्शन वाचलेलं असतं ते फारसं कुरकुरत नाहीत.

आणि कॅप्शनच्या वर लावायचा फोटो नीट निवडा. रिबन बांधलेला, टेबलावर बसवलेला कुत्रा गोड दिसतो, पण मोठा करून बघा. कान मागे चिकटले आहेत का, तोंड घट्ट मिटलंय का, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसतायत का? तसा फोटो असेल तर खाली तुम्ही काहीही लिहा, कुत्र्यांना ओळखणारा माणूस आधी ते डोळे वाचतो. त्यापेक्षा ओल्या केसांचा, विस्कटलेला, पण तुमच्या हातातून खाऊ खाणारा कुत्रा लावा.